चौदा वर्षांखालील खो-खो संघाच्या प्रशिक्षकासाठी अर्ज लिहायलोय, कव्हर लेटर जरा बघून सांगा

मुरूमपाटी
नमस्कार मंडळी. मी कळंब तालुक्यातला. वय ३१. शाळेत आणि नंतर कॉलेजात खो-खो खेळलो, दोनदा राज्य स्पर्धेपर्यंत गेलो. बावीसाव्या वर्षी गुडघ्याचा लिगामेंट गेला आणि खेळ तिथंच थांबला. आता खत-बियाण्यांच्या दुकानात हिशेब बघतो, सकाळ-संध्याकाळ मोकळा असतो.

आमच्या भागातल्या एका खासगी शाळेला १४ वर्षांखालील मुलांच्या आणि मुलींच्या संघासाठी मानधनावर प्रशिक्षक पाहिजे. जाहिरातीत एवढंच आहे: "अनुभवी खेळाडूस प्राधान्य, बायोडाटा व कव्हर लेटरसह अर्ज करावा." बायोडाटा झालाय. कव्हर लेटर म्हणजे नेमकं काय लिहावं ते कळंना. एक कच्चं लिहिलंय, खाली देतो. बिनधास्त बोला.

> प्रति, मा. सचिव साहेब,
> विषय: खो-खो प्रशिक्षक पदासाठी अर्ज.
> महोदय, वरील विषयी विनंतीपूर्वक अर्ज करतो की, मी लहानपणापासून खो-खोचा खेळाडू आहे. मी दोन वेळा राज्यस्तरावर खेळलो आहे. मी जिल्हा संघाचा कर्णधार होतो. ज्या जिल्ह्याने अर्जुन पुरस्कार विजेत्या सारिका काळे दिल्या त्याच जिल्ह्याचा मी रहिवासी आहे. मला खेळाची मनापासून आवड असून मी कष्टाळू व शिस्तप्रिय आहे. मला एक संधी दिल्यास मी आपल्या शाळेचे नाव राज्यात नव्हे तर देशात उज्ज्वल करीन. तरी माझ्या अर्जाचा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा ही नम्र विनंती.

---

लातूरकर_भाऊ
एनआयएस झालंय का? पतियाळाचा कोर्स केल्याशिवाय कुणालाच कोच म्हणून घेत नाहीत आता. नियमच आहे. नसेल तर अर्ज करून उपयोग नाही, आधी ते कर.

---

एमपीएससी_वाला
खेळाडूंना सरकारी नोकरीत ५ टक्के आरक्षण आहे. आधी विभागीय उपसंचालक कार्यालयातून प्रमाणपत्राची पडताळणी करून घे. पडताळणीचा अहवाल नसला तर कागदपत्रं तपासताना बाहेर काढतात. माझ्या मित्राचं असंच झालं.

---

मुरूमपाटी
@एमपीएससी_वाला भाऊ, ही सरकारी भरती नाही हो. संस्थेची शाळा आहे, मानधनावर आहे. पडताळणीचं ध्यानात ठेवतो.

---

निवृत्त_पीटी
चौतीस वर्षं शाळेत पीटी शिकवलं, त्यातली शेवटची अकरा वर्षं संस्थेच्या निवड समितीवर बसलो. असले अर्ज गठ्ठ्यानं वाचलेत, म्हणून बोलतो. राग मानू नको.

आधी लातूरकरांचं. ते अर्धं बरोबर आहे. शारीरिक शिक्षणाचा कायम शिक्षक व्हायचं तर बी.पी.एड. लागतं. सरकारी क्रीडा प्रशिक्षक व्हायचं तर एनआयएसचा डिप्लोमा विचारतात. पण संस्था स्वतःच्या पैशातून मानधनावर माणूस ठेवते तेव्हा काय मागायचं ते संस्थाच ठरवते, आणि तुझ्या जाहिरातीत तर खेळाडू एवढंच म्हटलंय. एनआयएसचा सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्स असतो. पुढंमागं तो कर, पण त्याच्यासाठी आज अर्ज थांबवू नको.

आता पत्राचं. सात वाक्यांत "मी", "माझा", "मला" किती वेळा आलं ते मोज. आणि मुलं हा शब्द किती वेळा आला तेही मोज. एकदाही नाही. सचिवाला दोन राज्य स्पर्धा बायोडाट्यात दिसणारच आहेत, त्याच इथं परत कशाला? सारिका काळेंना २०२० साली अर्जुन मिळाला त्याचा आपल्याला सगळ्यांना अभिमान आहे, पण अर्ज तुझा आहे का त्यांचा? आणि "देशात नाव उज्ज्वल करीन" हे प्रत्येक अर्जात असतं. आम्ही समितीत ते वाक्य आलं की चहा सांगायचो.

एकच प्रश्न विचारतो. या शाळेच्या पोरांना खेळताना कधी पाहिलंयस का?

---

मुरूमपाटी
पाहिलंय की सर. गेल्या ऑगस्टात तालुका स्पर्धेला माझा भाचा दुसऱ्या शाळेकडून होता, म्हणून गेलो होतो. त्याच दिवशी या शाळेच्या मुलांचा सामना झाला. सवयीनं दुकानाच्या डायरीत मागल्या पानावर टिपून ठेवलं होतं. आत्ता काढून बघितली.

पहिल्या पाळीत ही पोरं बसली होती, म्हणजे पाठलाग यांचा. सात मिनिटांत ५ गडी मारले आणि फाऊल झाले १३. तेराच्या पुढं कंसात "८ आधी उठले" असं लिहिलंय. म्हणजे आठ वेळा बसलेलं पोरगं खो मिळायच्या आधीच उठलं. दोन गडी हाताला लागले होते, पण फाऊलमुळं धरले नाहीत. समोरच्यांनी त्यांच्या पाळीत १० मारले. यांचं एक बारकं पोरगं मात्र एकटं ५० सेकंद पळालं, साखळी सोडलीच नाही त्यानं. त्याच्याभोवती मी पेनानं गोल केलाय.

---

निवृत्त_पीटी
अरे मग हेच तुझं पत्र. ते डायरीचं पान सोडून राज्य स्पर्धा काय घेऊन बसलास.

बघ, सात मिनिटं म्हणजे ४२० सेकंद. फाऊल झाला की पाठलाग करणाऱ्याला उलट्या दिशेनं जावं लागतं, तोवर पळणारा निवांत दुसऱ्या टोकाला पोचतो. एका फाऊलमागं पाचेक सेकंद धर. तेरा फाऊल म्हणजे पासष्ट सेकंद, वर दोन हातातले गडी गेले. पाच गड्यांचे सात तिथंच झाले असते. ही पोरं हळू पळत नव्हती, वेळ वाया घालवत होती. हे सचिवाला कळेल, त्याला खो-खो येत नसला तरी कळेल. संस्थेचा माणूस हिशेबाचा असतो.

पण नुसता दोष दाखवून थांबू नको, कारण सांग. बारा-तेराचं पोर आधी का उठतं? मला दोन कारणं दिसली. एक, ते आवाजावर उठतं, हातावर नाही. खो देणारा दोन पावलं लांबून "खो" ओरडतो आणि मग हात लावतो. बसलेल्याला हाक ऐकू आली की ते सुटलं. म्हणजे निम्मी चूक देणाऱ्याची, शिक्षा मात्र उठणाऱ्याला होते. दोन, पंजावर बसून बसून पाय भरून येतात आणि पोर पुढं कलतं. कललेलं पोर तोल सावरायला म्हणून उठतं.

पहिल्याला माझा जुना उपाय: बसलेल्यांच्या डोळ्यांवर रुमाल बांधायचा. मागून चालत जायचं आणि नुसता "खो" म्हणायचं, हात लावायचा नाही. जे उठेल त्याचं नाव वहीत. मग हात लावायचा आणि आवाज द्यायचा, दोन्ही एकदम. रोज दहा मिनिटं, त्याहून जास्त नाही, पोरं कंटाळतात. आठ-दहा दिवसांत पोर हाताची वाट बघायला शिकतं. तुझा उपाय वेगळा असेल तर तुझा लिही.

आणि एक सांभाळ. आधीच्या सरांची चूक दिसेल असं लिहू नको. बऱ्याचदा ते सर समितीतच बसलेले असतात. सुरुवात त्या गोल केलेल्या पोरापासून कर.

---

वझीर_फॅन
सर, जुन्या पद्धतीचं एवढं कशाला? आता अल्टिमेट खो-खो आलं, जानेवारी २०२५ ला दिल्लीत वर्ल्ड कप झाला, पुरुष-महिला दोन्हीकडं भारत जिंकला. आता संघाचे सात खेळाडू मैदानात उतरतात, वझीर कुठल्याही दिशेला पळू शकतो. शाळेतपण तेच येणार. पत्रात लिही की मला नवीन फॉरमॅट येतो, लगेच सिलेक्शन.

---

निवृत्त_पीटी
वर्ल्ड कपचं खरं आहे आणि महिलांची कर्णधार प्रियांका इंगळे आपल्या बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्याची, त्याचा आनंदच आहे. पण या पोरानं डायरीत टिपलेला सामना कोणत्या नियमानं झाला? नऊ जणांच्या. ज्या नियमानं ऑगस्टात खेळायचंय त्याची तयारी जूनमध्ये करायची. वझीर शिकवलास आणि पोरगं तालुक्याला खांदा फिरवून उलटं पळालं तर फाऊलचे तेराचे वीस होतील.

---

वझीर_फॅन
ते मान्य सर. पण नवीन सामने टीव्हीवर बघून पोरं मैदानावर येतात हेही खरंय. वझीरचं नाव काढलं की दुप्पट पोरं जमतात, आमच्या गल्लीत बघितलंय.

---

कोमलची_आई
मी खेळातली नाही, पण माझी मुलगी बारा वर्षांची, शाळेच्या संघात आहे (परभणीला, ही शाळा नाही). गेल्या वर्षी तिच्या गुडघ्याखाली हाडावर टेंगूळ आल्यासारखं झालं, दाबलं की दुखायचं, जिना उतरताना रडायची. त्यांचे सर म्हणायचे सवय नाही म्हणून दुखतंय, आणि उशीर झाला की पन्नास बैठका शिक्षा. हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं, वाढीच्या वयात पळणाऱ्या-उड्या मारणाऱ्या मुलांना होतं, बैठका आणि उड्या काही आठवडे कमी करा, बर्फानं शेका. कमी केल्यावर दुखायचं थांबलं. पण तोवर तिनं दोन महिने लपवलं होतं, संघातून काढतील म्हणून.

मला विचाराल तर सचिवापेक्षा आईबाप काय वाचतील ते लिहा. पोरीनं दुखतंय म्हटलं तर तुम्ही काय कराल? मुलींच्या सरावाला मैदानावर बाई कोण असेल? आमच्याकडं संध्याकाळी साडेसहाला अंधारात पोरी एकट्या निघतात, ते कुणी बघत नाही.

---

मुरूमपाटी
ताई, हे माझ्या डोक्यातच नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही तेराव्या वर्षी तसलंच टेंगूळ होतं, अजून हाताला लागतं. आमचे सर तेल लावा म्हणायचे.

सर, आणखी एक. मैदान काळ्या मातीचं आहे. जुलैत पाऊस झाला की मधल्या पाटीत, जिथं पोरं बसतात तिथंच, पाणी थांबतं. बुटाला किलोभर चिखल लागतो आणि चार दिवस सराव बंद. सरावाचे दिवस निम्मे होतात. हे लिहू का नको? मागणी केल्यासारखं वाटंल.

---

निवृत्त_पीटी
नको लिहू. आधी नोकरी लागू दे, मग मुरूम माग. पत्रात खर्च दिसला की फाईल खाली जाते.

---

लातूरकर_भाऊ
इथं मी सरांशी सहमत नाही. लिही. पण आकड्यात लिही. नुसतं "मैदान सुधारावे" असं नको, फक्त मधल्या पाटीपुरता मुरूम, दोन ट्रॉल्या, रोलर ग्रामपंचायतीचा. मी बांधकामात आहे, गोल गोल मागणीला कुणी सही करत नाही, ट्रॉलीच्या हिशेबाला करतात. एनआयएसचं मागं घेतो, जाहिरात नीट वाचली नव्हती.

---

मुरूमपाटी
चार दिवस घासलं. दुसरं लिहिलंय:

> मा. सचिव,
>
> गेल्या ऑगस्टमध्ये तालुका स्पर्धेत आपल्या शाळेच्या १४ वर्षांखालील मुलांचा सामना मी मैदानाबाहेर बसून पाहिला. आपल्या संघातला एक लहान चणीचा मुलगा एकटा ५० सेकंद पळाला. त्या वयात साखळी न सोडता इतका वेळ पळणारी मुले मी फार पाहिली नाहीत. त्या सामन्याची माझी टिपणे सोबत जोडली आहेत.
>
> पाठलागाच्या सात मिनिटांत आपल्या मुलांनी ५ गडी बाद केले आणि त्यांचे १३ फाऊल झाले. त्यांतले ८ खो मिळण्याआधी उठल्यामुळे झाले. या वयात ही चूक सर्वत्र दिसते, कारण मुले हाताच्या स्पर्शाऐवजी आवाजावर उठतात. प्रशिक्षक म्हणून पहिले सहा आठवडे मी प्रामुख्याने यावरच काम करीन. रोजच्या सरावात दहा मिनिटे डोळ्यांवर रुमाल बांधून खो घेण्याचा सराव असेल आणि दर शनिवारी आपसातल्या सामन्यात फाऊल मोजून आकडा फलकावर लावला जाईल. सहाव्या शनिवारी एका पाळीतले आधी उठण्याचे फाऊल तीनपर्यंत यावेत, असे माझे लक्ष्य आहे. सामना जिंकण्याचे आश्वासन मी आज देऊ शकत नाही.
>
> सराव आठवड्यातून पाच दिवस, सकाळी साडेसहा ते पावणेआठ असावा असे सुचवतो, म्हणजे संध्याकाळी अंधारात कुणाला घरी जावे लागणार नाही. मुलींच्या सरावाच्या वेळी शाळेतील एक शिक्षिका मैदानावर असाव्यात ही विनंती. शिक्षा म्हणून बैठका किंवा फेऱ्या दिल्या जाणार नाहीत. गुडघा किंवा टाच दुखते असे सांगणाऱ्या मुलाला त्या दिवशी मैदानाबाहेर वही आणि घड्याळ देऊन फाऊल मोजायला बसवीन आणि पालकांना कळवीन. दुखणे सांगितले म्हणून कुणाचे संघातले नाव जाणार नाही.
>
> वयाच्या बाविसाव्या वर्षी गुडघ्याच्या दुखापतीमुळे माझा खेळ थांबला. मी आज पूर्ण वेगाने पळून दाखवू शकत नाही. मुलांना दाखवण्याचे काम मोठ्या खेळाडूंकडून करून घेईन.
>
> पावसाळ्यात मैदानाच्या मधल्या पाटीत पाणी थांबते असे दिसले. तेवढ्या पट्ट्यापुरता दोन ट्रॉली मुरूम पडल्यास सरावाचे दिवस वाचतील. शक्य नसल्यास त्या दिवसांत व्हरांड्यात करता येईल असा सराव मी ठरवून ठेवला आहे.
>
> पोलिसांकडील चारित्र्य पडताळणीसाठी अर्ज केला असून त्याची पावती जोडत आहे.
>
> आपला विश्वासू

---

कोमलची_आई
मैदानाबाहेरच्या पोराला वही आणि घड्याळ द्यायचं, हे छान सुचलं. बाहेर बसलेलं पोर तोंड पाडून बसतं, त्याला काम मिळालं.

---

एमपीएससी_वाला
"पळून दाखवू शकत नाही" हे काढ रे बाबा. स्वतःच्या पायावर धोंडा. कोण सांगतं असं अर्जात?

---

निवृत्त_पीटी
मी ठेवीन. तालुक्यात सगळ्यांना याचा गुडघा माहीत आहे, लपवलं तर आठ दिवसांत चहाच्या टपरीवर निघेल. पण एक खरं, "मोठ्या खेळाडूंकडून" म्हणजे कुणाकडून? शाळेत १७ वर्षांखालचा संघ आहे का? नसला तर ते वाक्य हवेत राहतं. त्याचं उत्तर तयार ठेव.

आणि एक गोष्ट पत्रात नाही आणि ती नसावीच, पण मुलाखतीआधी स्वतःशी ठरवून जा. ३१ डिसेंबरला चौदा पूर्ण न झालेलं पोर हवं असा नियम आहे. "दाखला आम्ही बघतो, तुम्ही पोरगं खेळवा" असं कुणी हळूच म्हणालं तर काय म्हणशील? मी दोनदा नाही म्हटलं आणि एकदा गप्प बसलो. त्या गप्प बसण्यात आमच्या संघातलं एक खरं बारा वर्षांचं पोरगं राखीव राहिलं, नंतर ते मैदानावर आलंच नाही.

---

वझीर_फॅन
सर, मग नाही म्हटल्यावर काय झालं?

---

निवृत्त_पीटी
एकदा काही नाही. एकदा पुढच्या वर्षी संघ दुसऱ्याकडं दिला.

---

मुरूमपाटी
१७ वर्षांखालचा संघ नाही, विचारून आलो. पण मागच्या वर्षी दहावी होऊन गेलेली दोन पोरं गावातच आहेत, त्यांच्याशी बोललोय. शनिवारी येतो म्हणतात. त्यांची नावं न लिहिता "माजी विद्यार्थी" असं केलं.

वयाच्या दाखल्याचं अजून ठरत नाही सर. आत्ता नाही म्हणणं सोपं आहे, पद हातात नाही.

सोमवारी अर्ज दिला. शिपायानं आवक नंबर टाकून पोच दिली.

---

कोमलची_आई
काही कळलं का पुढं?

---

मुरूमपाटी
काल बोलावलं होतं. सचिव, मुख्याध्यापक आणि आताचे पीटीचे सर, तिघं होते. राज्य स्पर्धेचं कुणी विचारलंच नाही. पीटीच्या सरांनी टिपणाचं पान हातात घेऊन विचारलं, ८ फाऊल तुम्ही मोजले का ऐकले? मी म्हटलं मोजले, तर म्हणाले मी ९ मोजले होते. मग दोघंही हसलो.

सचिवांनी एवढंच विचारलं की दोन ट्रॉली कुठल्या मापाच्या, ट्रॅक्टरच्या मोठ्या का छोट्या. लातूरकर भाऊ, सांगा लवकर, उद्या सकाळी फोन करायचाय.

---

लातूरकर_भाऊ
साधी एक ब्रासची धर. आणि मुरूम बारीक चाळलेला माग, मोठा खडा असला तर बसणाऱ्या पोरांच्या पायाला बोचतो. नंबर मेसेज करतो.